वाटपाचा दावा प्रलंबित असलेली शेतजमीन घ्यावी का? लिस पेंडन्सबद्दल मार्गदर्शन हवे

मृणाल_वाई

नमस्कार. वाई तालुक्यातील एका बागायती गटातील ३० गुंठे जमीन आम्ही घेण्याच्या विचारात आहोत. सासरचे सर्वजण खातेदार शेतकरी असल्यामुळे त्या बाजूने अडचण नाही. पूर्ण गट ८० गुंठ्यांचा आहे आणि तो विक्रेत्यांच्या आजोबांपासून चालत आलेला आहे. विक्रेत्यांचे वडील २०११ मध्ये वारले. आई हयात आहेत आणि त्यांना दोन मुलगे व एक मुलगी आहे. २०१३ मध्ये दोन्ही भावांनी आपसांत वाटणी करून तसा फेरफार करून घेतला, त्यामुळे आज सातबाऱ्यावर प्रत्येकी ४० गुंठे दिसतात. आई आणि बहीण यांची नावे त्या वेळी कमी झाली. थोरले भाऊ आपल्या ४० गुंठ्यांतील रस्त्याकडेचे ३० गुंठे दीड लाख रुपये गुंठा या भावाने, म्हणजे ४५ लाखांना, देण्यास तयार आहेत.

अडचण अशी की बहिणीने २०२१ मध्ये दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल केला असून तो अजून चालू आहे. तिचा मनाईचा अर्ज नामंजूर झाला आहे आणि विक्रेते त्या आदेशाची प्रत सर्वांना दाखवतात. ‘न्यायालयाने विक्रीला मनाई केलेली नाही, म्हणजे विक्रीला मोकळीक आहे’ असे त्यांचे म्हणणे आहे. बहिणीने हक्क तोंडी सोडला होता, असेही ते सांगतात. आम्ही खरेदी केली आणि नंतर दाव्याचा निकाल बहिणीच्या बाजूने लागला, तर आमचे नेमके काय होईल, हे मला समजून घ्यायचे आहे.

रानवारा

मृणालताई, जमिनीचे व्यवहार जुळवून देण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो, म्हणून लिहितो. मनाई हुकूम नसेल तर दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवण्यास नकार देत नाहीत, आणि खरेदीखत नोंदले की फेरफारही होतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की लिस पेंडन्सचा, म्हणजे दावा चालू असताना झालेल्या हस्तांतरणाबद्दलचा, नियम आपल्याकडे इतर राज्यांसारखा नाही. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेली असेल तरच खरेदीदार बांधला जातो, असे ठरवले. तुम्ही सूची क्रमांक २ चा शोध घ्या. त्यात नोटीस दिसली नाही तर बहिणीचा दावा तुमच्यावर बंधनकारक नाही. भाव योग्य असेल तर व्यवहार सोडू नका, एवढेच माझे मत आहे.

इंदूरकर

मला हे पटत नाही. दावा चालू असताना केलेली खरेदी बेकायदेशीर असते आणि ती आपोआप रद्द होते. आमच्या घरातच हे घडले आहे. माझ्या काकांनी इंदूरमध्ये एक भूखंड घेतला तेव्हा त्यावर दावा चालू असल्याचे त्यांना कोणीही सांगितले नव्हते, आणि कोणत्याही कार्यालयात नोटीस नोंदलेली नव्हती. काही वर्षांनी वादीच्या बाजूने हुकूमनामा झाला आणि न्यायालयाचा बेलीफ ताबा घेण्यासाठी दारात आला. काकांनी हरकत नोंदवली, आपण प्रामाणिक खरेदीदार असून पूर्ण रक्कम दिली आहे असे सांगितले. तरीही ती हरकत फेटाळली गेली. विक्रेत्याकडून पैसे परत मिळवण्याचा त्यांचा दावा अजून चालू आहे. त्यामुळे सूची क्रमांक २ पाहून निश्चिंत होण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

दिवाणी_बाजू

मी सातारा जिल्ह्यात दिवाणी वकिली करतो. वरील दोन्ही प्रतिसादांत काही भाग बरोबर आहे आणि काही भाग खरेदीदाराला अडचणीत आणणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम मनाईविषयी. मनाईचा अर्ज आणि लिस पेंडन्स यांचा एकमेकांशी संबंध नाही. मनाई असताना विक्री केली तर न्यायालयाच्या आदेशाचा भंग होतो. मनाई नसताना विक्री केली तर भंग होत नाही, पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५२ चा परिणाम आपोआप लागू होतो आणि त्यासाठी कोणाला वेगळा आदेश मिळवावा लागत नाही. उलट, मनाई नाकारताना न्यायालये अनेकदा असेच कारण देतात की प्रतिवादीने विक्री केली तरी कलम ५२ मुळे वादीचे संरक्षण होतच असल्याने वेगळ्या मनाईची गरज नाही. विक्रेते दाखवत असलेला आदेश आपण पूर्ण वाचा. त्यात असे वाक्य असेल, तर तो आदेश विक्रीला मोकळीक देणारा नसून खरेदीदाराला सावध करणारा आहे.

आता इंदूरकर यांच्या मुद्द्याकडे येतो. अशी खरेदी बेकायदेशीर किंवा मुळातच रद्द नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थॉमसन प्रेस विरुद्ध नानक बिल्डर्स या प्रकरणात स्पष्ट केले आहे की हस्तांतरण विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात वैध राहते, मात्र दाव्यातील दुसऱ्या पक्षकाराच्या हक्कांपुढे ते दुय्यम ठरते. विक्रेता दावा जिंकला तर खरेदीदाराची मालकी शाबूत राहते, आणि विक्रेता हरला तर जो हुकूमनामा विक्रेत्यावर बंधनकारक तोच खरेदीदारावरही बंधनकारक होतो, मग तो दाव्यात पक्षकार असो वा नसो. आपल्या काकांना अंमलबजावणीच्या वेळी हरकत घेता आली नाही याचेही कारण हेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम १०२ नुसार दावा दाखल झाल्यानंतर हरलेल्या पक्षकाराकडून ज्याने मालमत्ता घेतली, त्याला ताब्याच्या अंमलबजावणीला विरोध करण्याचा हक्क मिळत नाही. मूळ कलमात प्रामाणिक खरेदीदाराला अपवाद नाही. माहिती नव्हती किंवा किंमत पूर्ण दिली, ही उत्तरे तेथे उपयोगी पडत नाहीत.

मृणालताईंच्या प्रकरणात तर हे नुकसान आजच मोजता येते. जमीन वडिलोपार्जित आहे आणि वडिलांचे निधन २००५ नंतरचे आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार, ठरली आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी त्यावरील वाद मिटवला. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असे मानले तर वडील, आई आणि तीन अपत्ये असे पाच हिस्से होतात, म्हणजे ८० गुंठ्यांत प्रत्येकी १६ गुंठे. वडिलांचे १६ गुंठे पुन्हा आई आणि तीन अपत्ये या चौघांत विभागले की प्रत्येकाच्या वाट्याला आणखी ४ गुंठे येतात. अशा प्रकारे चौघांचे प्रत्येकी २० गुंठे होतात. थोरले बंधू आपल्याला ३० गुंठे विकत आहेत, परंतु त्यांचा हिस्सा २० गुंठ्यांचा आहे. दाव्याचा निकाल या हिशोबाने लागला तर आपण दिलेल्या ४५ लाखांपैकी १५ लाखांची जमीन त्यांची नव्हतीच, असे ठरेल.

२०१३ चा फेरफार हा वाटपाचा पुरावा म्हणून फारसा टिकणार नाही. फेरफार मालकी निर्माण करत नाही आणि २० डिसेंबर २००४ नंतरचे तोंडी वाटप मुलीविरुद्ध मान्य करण्यास न्यायालये अतिशय नाखूश असतात. बहिणीने हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा, असे विक्रेत्यांना सांगावे. तोंडी सोडलेल्या हक्काला येथे आधार नाही.

ठाणेकर_संजय

माझा प्रश्नही याच विषयातला आहे. आम्ही घेत असलेल्या सदनिकेच्या बिल्डरवर सिमेंट आणि पोलादाच्या एका पुरवठादाराने थकलेल्या बिलांच्या वसुलीचा दावा लावला आहे. वरील चर्चा वाचून मी व्यवहार थांबवण्याच्या विचारात आहे, कारण त्या दाव्याचा हुकूमनामा झाला तर आमची सदनिकाही जाईल असे दिसते. बँकेच्या वकिलांनी मात्र यावर काहीच आक्षेप घेतला नाही.

दिवाणी_बाजू

संजयजी, आपला प्रश्न वेगळा आहे. कलम ५२ लागू होण्यासाठी त्या दाव्यात स्थावर मालमत्तेवरील हक्काचाच थेट वाद असावा लागतो. पुरवठादाराला पैसे हवे आहेत, त्याने आपल्या सदनिकेवर हक्क सांगितलेला नाही, त्यामुळे केवळ वसुलीच्या दाव्याने लिस पेंडन्स उभे राहत नाही. आपण एकच गोष्ट तपासा. त्या दाव्यात निकालापूर्वीच जप्तीचा आदेश झाला आहे का, हे प्रकरणाच्या रोजनाम्यातून पाहा. जप्ती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६४ लागू होते. जप्तीनंतर केलेले खाजगी हस्तांतरण जप्ती करणाऱ्याच्या दाव्याविरुद्ध शून्य ठरते.

रानवारा

वकीलसाहेब, २० गुंठ्यांचा हिशोब मला मान्य आहे. पण १९३९ च्या दुरुस्तीवर आपण काहीच लिहिले नाही. नोटीस नोंदलेली नसेल तर कलम ५२ चा अडसर दूर होतो, हे तर कायद्यातच आहे.

दिवाणी_बाजू

बरोबर आहे, तो मुद्दा मी मुद्दाम स्वतंत्रपणे घेणार होतो. १९३९ चा मुंबई अधिनियम क्रमांक १४ अस्तित्वात आहे. त्यानुसार दाव्याची नोटीस नोंदणी कायद्याच्या कलम १८ खाली नोंदवलेली असेल, तर ती नोंदल्यानंतर केलेल्या हस्तांतरणाला कलम ५२ लागते. २०१० मध्ये टी. जी. अशोक कुमार विरुद्ध गोविंदम्माल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीचा आवर्जून उल्लेख केला, कारण अनभिज्ञ खरेदीदाराला दावा चालू आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग देशात इतरत्र नाही, आणि अशी व्यवस्था सर्वत्र असावी असे न्यायालयाला वाटले. खरेदीदाराच्या दृष्टीने ही दुरुस्ती न्याय्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

परंतु तिच्यावर आपण जेवढा भार टाकत आहात तेवढा ती पेलत नाही. ही दुरुस्ती प्रथम बृहन्मुंबईतील मालमत्तांसाठी आली आणि इतर क्षेत्रांना ती लागू करण्यासाठी शासनाची राजपत्रातील अधिसूचना लागते. त्यामुळे मुंबईबाहेरच्या गटासाठी सल्ला देताना प्रथम त्या क्षेत्राची अधिसूचना हातात असावी लागते. ती नसेल तर मूळ कलम ५२ लागू आहे असे धरूनच चालावे. शिवाय नोटीस आज नोंदलेली नसली तरी उद्या नोंदवता येते. बहीण आज दुय्यम निबंधकांकडे गेली आणि आपले खरेदीखत परवा झाले, तर आपण बांधले जाल. शोध पंधरा दिवसांपूर्वी घेतला होता, हे उत्तर त्या वेळी चालणार नाही.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की नोटीस नसल्याने विक्रेत्याची मालकी वाढत नाही. बहिणीचे २० गुंठे दाव्यामुळे निर्माण झालेले नाहीत, ते दाव्याच्या आधीपासून तिचे आहेत. विक्रेता जे स्वतःकडे आहे तेवढेच देऊ शकतो, आणि सहहिस्सेदाराकडून घेणाऱ्याला त्याच्या हिश्श्यापुरतीच जागा मिळते. नोटीस नसल्याने जास्तीत जास्त एवढे होईल की बहिणीला आपल्यालाही दाव्यात आणून आपल्याविरुद्ध हिस्सा सिद्ध करावा लागेल. तिच्याजवळ जन्माचा दाखला आणि जुना सातबारा असेल तर ते तिला कठीण नाही.

सरिता_पाटील

मी त्या बहिणीच्या जागी आहे, म्हणून माझे मत वेगळ्या बाजूने येईल. माझाही भावांविरुद्ध वाटपाचा दावा चालू आहे. मनाई मिळाली नाही आणि दावा चालू असतानाच एका भावाने जमिनीचा तुकडा विकला. खरेदीदाराने तेथे विहीर खोदली आणि पत्र्याची शेड उभी केली. मी विचारले तेव्हा ‘कागद साफ होते’ एवढेच त्यांनी सांगितले. येथे भाव योग्य असेल तर व्यवहार सोडू नका असे लिहिलेले वाचून मला फार वाईट वाटले, कारण ज्या ३० गुंठ्यांची चर्चा चालू आहे त्यांतले दहा गुंठे कोणाच्या तरी हक्काचे आहेत.

माझा प्रश्न असा की नोटीस नोंदवण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते का? माझ्या पहिल्या वकिलांनी याबद्दल कधीच सांगितले नाही.

दिवाणी_बाजू

सरिताताई, परवानगी लागत नाही. ज्या दुय्यम निबंधकांच्या हद्दीत जमीन येते त्यांच्याकडे वादीने स्वतः नोटीस सादर करून नोंदवायची असते. ज्याच्या हक्काचा वाद आहे त्याचे नाव व पत्ता, मिळकतीचे वर्णन, न्यायालय, दाव्याचे स्वरूप व शीर्षक आणि दावा दाखल झाल्याची तारीख एवढा तपशील तीत असतो. गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे तंतोतंत लिहा. वर्णन चुकले तर शोध घेणाऱ्याला नोटीस सापडत नाही आणि पुढे त्यावरच वाद होतो. झालेल्या विक्रीला ही नोटीस मागे जाऊन लागणार नाही, पण उरलेल्या जमिनीसाठी ती आजच नोंदवावी. खरेदीदाराला दाव्यात प्रतिवादी करून घेण्याचा अर्जही द्या.

विहीर आणि शेड यांबद्दल एक सांगतो. दावा प्रलंबित असताना घेणाऱ्याने केलेल्या बांधकामामुळे आपला हिस्सा कमी होत नाही, आणि त्या खर्चाची भरपाई तो सहसा आपल्याकडून मागू शकत नाही. आपण त्या कामाची छायाचित्रे आणि तारखा आतापासूनच न्यायालयासमोर आणून ठेवा.

रानवारा

सरिताताई, आपले मन दुखावण्याचा हेतू नव्हता. परंतु याची दुसरी बाजूही आहे. काही लोक केवळ पैसे उकळण्यासाठी दावा लावतात, नोटीस नोंदवतात आणि खऱ्या मालकाला वर्षानुवर्षे जमीन विकता येत नाही. अशा मालकाने काय करावे?

दिवाणी_बाजू

ही तक्रार खोटी नाही. कलम ५२ मध्येच न्यायालयाच्या परवानगीने आणि न्यायालय घालेल त्या अटींवर हस्तांतरण करण्याची मुभा आहे. विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज या २०१० च्या प्रकरणात वादीचा दावा सकृद्दर्शनी कमकुवत होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तारण देण्याच्या अटीवर ती मिळकत कलम ५२ मधून मोकळी केली. हा मार्ग फार कमी वापरला जातो, याची मला नेहमी खंत वाटते. मात्र वाईच्या प्रकरणात तो सहज मिळेल असे नाही, कारण तेथे बहिणीचा दावा कमकुवत दिसत नाही.

मोजणीदार

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो आहे. कायद्याचे वकीलसाहेबांनी सांगितले आहेच, मी फक्त जमिनीवर काय होते ते सांगतो.

न्यायालय प्रथम कोणाचा किती हिस्सा एवढेच ठरवते. त्यानंतर शेतसारा असलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे येते, तेथून ते तहसीलदारांकडे आणि मोजणीसाठी आमच्या कार्यालयाकडे येते. सरस-निरस पाहून वाटप करायचे म्हणजे रस्ता, पाणी, जमिनीचा पोत आणि उतार हे सर्व सगळ्या हिश्श्यांना शक्य तितके सारखे मिळाले पाहिजे. ८० गुंठ्यांच्या गटात रस्त्याकडेची बाजू एकट्या थोरल्या भावाला देऊन बाकी तिघांना मागे ढकलणारा नकाशा आम्ही तयार केला, तर त्यावर हरकत येणारच. अशा वेळी अनेकदा गट रस्त्यापासून आतपर्यंत उभ्या पट्ट्यांत विभागला जातो, म्हणजे प्रत्येकाला रस्ता मिळतो.

म्हणून मृणालताई, तुमच्या खरेदीखतातील चतुःसीमांवर जाऊ नका. तुम्ही रस्त्याकडेचे ३० गुंठे म्हणून दीड लाखाचा भाव देत आहात. हाती मात्र २० गुंठ्यांची एक लांब पट्टी येऊ शकते, जिचा रस्त्याकडचा भाग अरुंद असेल. मागच्या जमिनीचा भाव तेथे काय आहे, ते एकदा विचारून पाहा.

दिवाणी_बाजू

मोजणीदार साहेबांनी अत्यंत मोलाचा मुद्दा मांडला. त्याला एवढीच जोड देतो की विकलेला भाग शक्य असेल तर विक्रेत्याच्या हिश्श्यात टाकावा, अशी विनंती खरेदीदाराला न्यायालयाला करता येते. अशोक कुमार प्रकरणातही वाटपाच्याच दाव्यात विक्री झाली होती. तेथे न्यायालयाने म्हटले की विक्रेत्याच्या हिश्श्यापुरती विक्री टिकते आणि अंतिम वाटपात समन्यायी दृष्टीने विकलेला भाग विक्रेत्याला देण्याचा विचार व्हावा. मात्र ती सवलत आहे, हक्क नाही. इतर हिस्सेदारांचे नुकसान होत असेल तर ती मिळणार नाही.

मृणाल_वाई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभारी आहे. विक्रेत्यांशी पुन्हा बोलणे झाले. त्यांनी आता दोन पर्याय सुचवले आहेत. पहिला, खरेदीखतात अशी अट घालायची की दाव्यामुळे आमचे नुकसान झाल्यास ते ते भरून देतील. दुसरा, एका नातेवाइकाच्या नावे २०१९ चे, म्हणजे दाव्याच्या आधीचे, साठेखत आहे. त्याला संमती देणारा म्हणून घेऊन खरेदीखत करायचे, म्हणजे व्यवहार दाव्याच्या आधीचा ठरेल. शिवाय ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोधताना मला असे दिसले की याच कुटुंबाचा आणखी एक जुना दावा ‘निकाली’ दाखवला आहे. त्याचा काही धोका राहतो का?

दिवाणी_बाजू

साठेखताचा मार्ग उपयोगाचा नाही. साठेखताने जमिनीत हक्क निर्माण होत नाही, हस्तांतरण खरेदीखतानेच होते, आणि खरेदीखत दावा चालू असताना होणार आहे. ते साठेखत नोंदणीकृत आहे का, त्याचा मुद्रांक कधी घेतला आणि नातेवाइकाने किती रक्कम दिली, हेही विचारा. अशी कागदपत्रे अडचण आल्यावर तयार झाल्याचा संशय न्यायालयाला सर्वप्रथम येतो आणि त्यात आपले नाव जोडले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

नुकसानभरपाईची अट लिहून घ्यायला हरकत नाही. ती नसली तरी मालकीतील दोष उघड करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर कायद्याने आहेच. पण दावा किती वर्षे चालेल आणि तोपर्यंत विक्रेत्याकडे वसूल करण्याजोगे काय उरेल, यावर त्या अटीची किंमत ठरते. इंदूरकरांच्या काकांना पैसे परत मागण्याचा हक्क होताच, तरी ते आज कोठे आहेत हे आपण वाचले. त्यात भर म्हणजे आपल्याला दावा आधीपासून माहीत आहे, हे विक्रेता पुढे आपल्याविरुद्धच सांगेल.

निकाली दाव्याबद्दल सांगायचे तर निकालाची तारीख पाहा आणि अपील झाले आहे का ते तपासा. अपील म्हणजे दाव्याचाच पुढचा टप्पा मानला जातो, आणि निकाल व अपील यांच्या मधल्या काळातील खरेदीही सुटत नाही. हुकूमनामा झाला असेल तर त्याची पूर्ण अंमलबजावणी होईपर्यंत किंवा दरखास्तीची बारा वर्षांची मुदत संपेपर्यंत दावा प्रलंबितच समजला जातो. ई-कोर्ट्सवर फक्त पक्षकाराच्या एका नावाने शोध पुरेसा नसतो. नावाची निरनिराळी स्पेलिंगे, आईचे नाव, बहिणीचे माहेरचे व सासरचे नाव असे सर्व शोध घ्यावेत, आणि प्रलंबित व निकाली हे दोन्ही पर्याय पाहावेत.

इंदूरकर

एक विचारतो. समजा त्यांनी खरेदी केलीच, तर दाव्यात स्वतः पक्षकार होता येते का? काकांना आपल्या विक्रेत्याने नंतर तारखांना जाणेच सोडले, हे फार उशिरा कळले.

दिवाणी_बाजू

हाच या व्यवहारांतील सर्वांत घातक क्षण असतो. विक्रेत्याला पैसे मिळालेले असतात, त्यामुळे दावा लढण्यात त्याला स्वारस्य उरत नाही, आणि त्याच्या गैरहजेरीत झालेला हुकूमनामा खरेदीदाराला भोगावा लागतो. पक्षकार होण्यासाठी आदेश १, नियम १० किंवा आदेश २२, नियम १० खाली अर्ज देता येतो. तो मंजूर करणे न्यायालयाच्या विवेकावर आहे, पण मोठा हिस्सा घेतलेल्या खरेदीदाराला सहसा येऊ दिले जाते. पक्षकार झाल्यावरही आपल्याला विक्रेत्याच्याच जागी उभे राहावे लागते, त्याच्यापेक्षा वेगळा किंवा मोठा हक्क सांगता येत नाही. विक्रेता आणि वादी यांनी संगनमताने हुकूमनामा घेतला असेल तर कलम ५२ लागू होत नाही, मात्र ते संगनमत खरेदीदाराला सिद्ध करावे लागते आणि भावंडांच्या दाव्यात ते फार अवघड जाते.

मृणालताई, जमीन हवीच असेल तर मार्ग बहिणीकडून जातो. चौघांनीही दाव्यात तडजोड दाखल करावी, तीत मोजणीचा नकाशा जोडावा, न्यायालयाकडून तडजोडीचा हुकूमनामा घ्यावा आणि त्यानंतर ज्याच्या वाट्याला जो भाग येईल त्याच्याकडून तो भाग घ्यावा. हे शक्य नसेल तर बहीण, आई आणि धाकटे बंधू यांनी खरेदीखतावर नुसती संमती न देता स्वतः विक्रेते म्हणून सह्या कराव्यात, किमतीचा त्यांचा वाटा त्यांच्या नावाच्या धनादेशाने द्यावा, आणि त्याच दिवशी दाव्यात त्या जमिनीपुरती पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन, दाखल व्हावी.

सरिता_पाटील

मृणालताई, त्या बहिणीला एकदा प्रत्यक्ष भेटा. आमच्याकडे जो खरेदीदार आला त्याने मला कधी विचारलेच नाही. विचारले असते तर मी विकण्यास तयार झाले असते, कारण मला शेती करायची नव्हती, फक्त माझा हिस्सा हवा होता.

मृणाल_वाई

काल मी आणि यजमान त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांचे म्हणणे असे आहे की रस्त्याकडेची जागा दोघींना, म्हणजे आईला आणि त्यांना मिळाली तर त्या तडजोडीला तयार आहेत आणि त्यानंतर आम्हाला विकण्यासही तयार आहेत. थोरले बंधू मात्र हे ऐकून नाराज झाले, आणि दुसरा ग्राहक तयार असून त्याला दाव्याची काही हरकत नाही असे त्यांनी आम्हाला कळवले. सूची क्रमांक २ मध्ये आज तरी नोटीस दिसत नाही. त्या क्षेत्राची अधिसूचना शोधण्यासाठी आम्ही वकील दिले आहेत. बयाणा अद्याप दिलेला नाही आणि तूर्त देणार नाही. त्या दुसऱ्या ग्राहकाविषयी बहिणीला सांगावे का, हा प्रश्न आमच्या घरात चर्चेत आहे. यजमानांना वाटते की तो त्यांचा कौटुंबिक विषय आहे, आणि मला वाटते की नोटीस नोंदवण्याची संधी त्यांना मिळायला हवी.

सरिता_पाटील

सांगा. आजच सांगा.

रानवारा

माझे मत यजमानांसारखेच आहे. आपण व्यवहारातून बाहेर पडत असाल तर दुसऱ्याच्या व्यवहारात पडू नये. परंतु अधिसूचनेचा मुद्दा मला नवीन होता, तो मी माझ्या प्रत्येक ग्राहकासाठी यापुढे तपासणार आहे. वकिलांना अधिसूचना मिळाली तर तिचा क्रमांक येथे नक्की द्यावा.